साहेबांचा शब्द, तुझं अक्षर

*ताई, मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत एमडी साहेबांची एक्झिक्युटिव्ह असिस्टंट आहे. वय २६. मागच्या महिन्यात शनिवारी साहेब गाडीत बसता बसता म्हणाले, ‘गुरुवारी बँकेचे लोक माल बघायला येणार आहेत, सगळ्यांकडनं आकडे घे.’ मी विभागप्रमुखांच्या ग्रुपवर टाकलं, ‘साहेबांच्या आदेशानुसार सर्वांनी आपापल्या विभागाची माहिती बुधवारपर्यंत न चुकता सादर करावी.’ आमचे प्रॉडक्शनचे आण्णा ३० वर्षं कंपनीत आहेत. त्यांनी ग्रुपवरच विचारलं, ‘आदेश द्यायला मॅडम कधीपासून?’ कुणी काही बोललं नाही, पण दोघांनी हसण्याचे इमोजी टाकले. तेव्हापासून मी ‘प्लीज, जमल्यास, वेळ मिळेल तेव्हा’ असं लिहिते. आता कुणीच काही पाठवत नाही आणि साहेब म्हणतात, ‘तुझ्या मेसेजला वजनच नाही.’ या दोन्हींच्या मधलं काही असतं का? — एक वाचक, कोल्हापूर*

तू माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान आहेस, त्यामुळे अगं-तुगं करते. मीही ३१ वर्षं दुसऱ्याच्या नावानं पत्रं लिहिली. सुरुवात मराठी टाइपरायटरवर झाली, शेवट व्हॉट्सअ‍ॅपवर. तुझ्या आण्णांसारखे पाच-सहा आण्णा माझ्याही वाट्याला आले, आणि आता मागं वळून बघताना त्यातल्या निदान चौघांचं बरोबर होतं असं वाटतं.

पहिल्यांदा तुझा तो मेसेज टेबलावर घेऊ. ‘आदेशानुसार’ हा शब्द तू कुठून उचललास ते मला माहीत आहे, कारण मीही तिथूनच उचलला होता. सरकारी शासन निर्णयाच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ अशी ओळ असते आणि खाली सही असते एखाद्या कक्ष अधिकाऱ्याची नाहीतर अवर सचिवाची. तिथं ती ओळ रुबाबासाठी नसते. राज्य सरकारचा कारभार राज्यपालांच्या नावानं चालतो असं घटनेच्या १६६व्या कलमात आहे, म्हणून ती लिहावी लागते. मंत्रालयात तो शब्द कायद्याचं काम करतो. फौंड्रीच्या ग्रुपवर तो फक्त दवंडीचं काम करतो.

पण माझ्या मते आण्णांना लागला तो शब्द ‘आदेश’ नव्हेच, ‘सादर’ आहे. सादर आपण खालून वर करतो. कारकून साहेबांना फाइल सादर करतो, साहेब कारकुनाला करत नाहीत. तुझ्या वाक्यात साहेब सुरुवातीला येऊन निघून गेले, आणि सादर करायची ती कुणाला, तर मेसेज टाकणारीला, असा अर्थ उरला. ३० वर्षं भट्टीसमोर काढलेल्या माणसाला तू नकळत एक पायरी खाली उतरवलंस. वर ‘न चुकता’. म्हणजे ते चुकणार हे तू आधीच धरून चाललीस.

आणि एवढा सगळा दरारा लावून मागितलं काय? ‘माहिती’. कसली माहिती? आण्णांनी काय पाठवायचं होतं? महिन्यात किती टन ओतलं ते, किती कास्टिंग रिजेक्ट झालं ते, का आज शॉपमध्ये किती माल पडलाय ते? मेसेजचं वजन गेलं ते इथं. काय पाहिजे हे ज्याला धड सांगता येत नाही, त्याच्या आवाजाला कुणी भीत नाही. उलट चढा आवाज आणि मोघम मागणी एकत्र आली की माणसाला राग यायला जागा मिळते.

नंतरच्या ‘जमल्यास, वेळ मिळेल तेव्हा’बद्दल फार बोलायला नको. फौंड्रीत वेळ कुणाला मिळतो? तू मऊ झालीस ती माणसांशी नव्हे, तारखेशी. ‘जमल्यास’ हा शब्द तेव्हाच लिहायचा जेव्हा खरंच न जमलं तरी चालणार असतं. बँकेचे लोक गुरुवारी येणार असताना तो लिहिला तर तो नम्रपणा नव्हे, चुकीची माहिती आहे.

म्हणजे लिहायच्या आधीच काहीतरी राहून गेलं. गाडीत बसता बसता मिळालेल्या वाक्यावर मेसेज लिहायचा नाही. अशा वेळी मी तीन गोष्टी विचारायची, दारात उभी राहून, अर्ध्या मिनिटात. तारीख पक्की की कच्ची? कारण लोकांना सांगू का? आणि कुणाला अडलं तर तुम्हाला फोन लावू दे, का मी तुमच्याकडे आणू? सुरुवातीला साहेब वैतागतात. महिन्याभरात स्वतःहून सांगायला लागतात, ‘गुरुवारी बँक, तारीख पक्की, कारण सांग, अडलं तर माझ्याकडे आण.’

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कोल्हापुरात आपण बोलताना ‘की’ लावतो. ‘बसा की’, ‘घ्या की जरा’, ‘देतो की’. त्या एका अक्षरानं आज्ञा मऊ होते, आपलेपणाची होते, आणि तरी ती आज्ञाच राहते. साहेब आण्णांना ‘आकडे द्या की आण्णा’ म्हणाले असते तर आण्णांनी हसत दिले असते. ऑफिसच्या मेसेजमध्ये ‘पाठवा की’ लिहिता येत नाही. मग ‘की’चं ते काम लिहिताना कुणी करायचं? कारणानं करायचं. ‘बुधवारी द्या’ एवढंच लिहिलं तर तो हुकूम. ‘गुरुवारी अकराला बँक येणार आहे’ हे आधी लिहिलं की बुधवार आपोआप येतो, तो कुणी लादलेला राहत नाही. मात्र कारण सांगायचं का नाही हे तू ठरवायचं नाहीस. कर्ज, पगार, कुणाची बदली, गिऱ्हाइकाची तक्रार, असल्या गोष्टी साहेबांना कदाचित चौघांतच ठेवायच्या असतील. कारण सांगायचं नसेल तर खोटं कारण रचू नकोस. ‘गुरुवारच्या एका बैठकीसाठी’ एवढं खरं पुरेसं असतं.

आता क्रियापदांबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण माझ्या मते मराठीत सगळा खेळ तिथंच आहे. ‘पाठवावी’ हे परिपत्रकाचं क्रियापद. सुट्टीची नोटीस, गेटवरची सूचना, तिथं ठीक, कारण ते कुणा एकाला उद्देशून नसतं. ‘पाठवा’ सरळ आहे. बरोबरीच्या माणसाला किंवा रोज बोलणं आहे अशाला चालतं, पण तू साहेबांच्या खुर्चीवरून बोलतेयस असं वाटायला वेळ लागत नाही. ‘पाठवायला पाहिजे’ म्हणजे आधीच रागावल्यासारखं. ‘पाठवाल का?’ हा प्रश्न आहे, आणि प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर येऊ शकतं. ते चालणार नसेल तर प्रश्न विचारू नये.

राहिली दोन, ‘हवी आहे’ आणि ‘लागेल’. ‘साहेबांना गुरुवारी शिल्लक मालाचे आकडे लागतील.’ या वाक्यात कुणी कुणाला काही करायला सांगितलेलं नाही. साहेबांची एक गरज आहे, तिला एक दिवस आहे आणि ती कुठल्या कामातून आली ते दिसतंय. आण्णांनी काय करायचं ते आण्णांना कळतं, आणि ते साहेबांसाठी करायचंय हेही कळतं. तू मध्ये येतच नाहीस. ‘हवे आहेत’ आणि ‘लागतील’ यांत मी बहुतेक वेळा ‘लागतील’ घ्यायची. ‘हवे’मध्ये माणसाची इच्छा असते, ‘लागतील’मध्ये कामाची गरज. मोठ्या माणसाला दुसऱ्याच्या इच्छेपुढं वाकायला जड जातं, कामापुढं जात नाही.

हे सगळं धरून तुझा शनिवारचा मेसेज मी असा लिहिला असता. ग्रुपवर नव्हे, फक्त आण्णांना, आणि त्याआधी त्यांना एक फोन करून:

*‘आण्णा, नमस्कार. फोनवर बोलल्याप्रमाणे, गुरुवारी सकाळी ११ वाजता बँकेचे अधिकारी तारण माल बघायला येत आहेत. त्यांच्यासाठीच्या तक्त्यात साहेबांना तुमच्याकडच्या अर्धवट मालाचं वजन लागेल : मंगळवार संध्याकाळची शिल्लक, टनांत, फेटलिंगमधला आणि मशीनिंगला गेलेला वेगळा. बुधवारी दुपारी १२ पर्यंत आकडे आले की अकाउंट्सला तक्ता जुळवायला अर्धा दिवस मिळतो. मोजणीत काही अडचण दिसत असेल तर मंगळवारी सकाळपर्यंत मला सांगा, लगेच साहेबांच्या कानावर घालते.’*

खाली तुझं नाव आणि ‘एमडी कार्यालय’.

साहेब यात दोनदाच आलेत, बरोबर जिथं गरज आहे तिथं. ‘साहेबांनी सांगितलंय’ हे दर वाक्यात आलं की नाणं झिजतं, आणि लोक म्हणायला लागतात, हिला स्वतःचं काही बोलताच येत नाही. दुपारी १२ ही वेळ तुझी नाही, साहेबांचीही नाही. ती अकाउंट्सच्या तक्त्यातून आली आहे. वेळेमागं असं दुसऱ्याचं काम दिसलं की ती मोडायला माणूस कचरतो, कारण मग ती साहेबांशी नव्हे, शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी केलेली अडवणूक होते. आणि पूर्ण मेसेजमध्ये आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, ‘सांगा’. ते आण्णांच्या सोयीसाठी आहे. ‘कृपया’ मी घातलेलं नाही. घातलंस तरी बिघडत नाही, पण एकदाच. तीनदा ‘प्लीज’ म्हणजे तू घाबरलीयस हे वाचणाऱ्याला कळतं.

बाकीच्यांना हाच मेसेज पुढं ढकलायचा नाही. स्टोअर्सला पिग आयर्न आणि स्क्रॅपची शिल्लक विचारायची. मार्केटिंगला येणी विचारायची, आणि ९० दिवसांच्या आतली व त्यावरची वेगळी मागायची, कारण ९० दिवसांवरची येणी बँका सहसा हिशेबात धरत नाहीत. तीन माणसं, तीन मेसेज. दहा मिनिटं जास्त जातात. पण प्रत्येकाला आपल्याकडून नेमकं काय हवंय ते कळतं, आणि साहेबांनी विचार करून मागितलंय हेही कळतं. ग्रुपवर फक्त बँकेच्या भेटीची वेळ टाकायची, ती सगळ्यांनाच माहीत असायला हवी.

आता पुढं काय होतं बघ. मंगळवारी सकाळी आण्णांचा फोन येतो, ‘मशीनिंगला गेलेला माल शॉपमध्ये नाहीच, तो बाहेर जॉबवर्कला गेलाय. तिकडं जाऊन मोजू काय आता?’ इथं नवीन मुली दोन चुका करतात. एक म्हणजे ‘नाही, साहेबांनी सांगितलंय, द्यावेच लागतील.’ दुसरी म्हणजे ‘बरं बरं, मग तो राहू दे.’ दोन्ही वेळा तू साहेबांचा निर्णय स्वतः घेतलास. एकदा ताणून, एकदा सैल सोडून. तुझं उत्तर एवढंच, ‘बरोबर आहे आण्णा, साहेबांना विचारून दहा मिनिटांत सांगते.’ आणि साहेबांकडे नुसती अडचण घेऊन जायचं नाही. ‘बाहेर गेलेला माल मोजता येणार नाही. जॉबवर्कच्या चलनांवर वजन आहे, ते धरलं तर चालेल का?’ साहेब म्हणतील, ‘चालतंय की.’ मग आण्णांना लिहायचं:

*‘आण्णा, साहेबांशी बोलले. बाहेर गेलेल्या मालाला चलनावरचं वजन चालेल. चलनांच्या प्रती स्टोअर्सकडून मी मागवून घेते. तुमच्याकडून फक्त फेटलिंगमधला आकडा राहिला.’*

या तीन ओळींत जेवढा अधिकार आहे तेवढा ‘आदेशानुसार’च्या पूर्ण परिच्छेदात नव्हता. आण्णांना दिसलं की तुझ्यापर्यंत पोचलेली गोष्ट साहेबांपर्यंत पोचते आणि दहा मिनिटांत उत्तर होऊन परत येते. पुढच्या वेळी तुझा मेसेज ते त्यामुळं वाचतील.

बुधवारचे सव्वाबारा झाले आणि फेटलिंगचा आकडा आला नाही, तर? ग्रुपवर ‘खालील विभागांची माहिती अप्राप्त’ अशी यादी टाकायची नाही. चारचौघांत नाव आलं की माणूस आकडा शोधत बसत नाही, उत्तर शोधत बसतो. एकट्याला लिही:

*‘आण्णा, तक्त्यात आता फेटलिंगचा एकच रकाना रिकामा आहे. ३ वाजता साहेब तक्ता बघायला बसतायत. तोवर आकडा येईल का, की मोजणी चालू आहे असं त्यांना सांगू?’*

मी मघाशी म्हटलं की ‘नाही’ चालणार नसेल तर प्रश्न विचारू नये. इथं विचारलाय, कारण दोन्ही उत्तरं खरंच चालणार आहेत. आकडा आला तर उत्तम. मोजणी चालू असेल तर तसं सांगायची तुझी तयारी आहे, आणि त्यात आण्णांना खाली बघावं लागत नाही. हा धाक आहे का? थोडा आहे, नाही म्हणत नाही. पण तो ३ वाजण्याचा आहे, तुझा नाही. हाच मेसेज ‘नाहीतर साहेबांना सांगावं लागेल’ असा लिहिलास की तो तुझा धाक झाला. फरक कळायची माझी एक जुनी युक्ती आहे. मेसेज साहेबांनी आण्णांसमोर मोठ्यानं वाचून दाखवला असं समज. तुला मान खाली घालावी लागली तर तो पाठवायचा नाही.

आता माझी फजिती सांगते. नोकरीला सहावं की सातवं वर्ष होतं. आमच्या अध्यक्षांकडे एक पुरवठादार जवळजवळ २० वर्षं माल देत होता आणि त्या वर्षी सलग दोनदा उशीर झाला. अध्यक्ष म्हणाले, ‘जरा कडक लिहा.’ त्याच्या कारकुनानं फोनवर माझ्याशी उद्धटपणा केला होता, तो राग माझ्या बोटांत उतरला. पत्राच्या शेवटी मी ओळ घातली, ‘यापुढे असे घडल्यास आपल्याशी असलेले व्यवहार संपुष्टात आणणे भाग पडेल.’ सहीच्या फोल्डरमध्ये त्या दिवशी ३०-४० पत्रं होती. अध्यक्षांनी न वाचता सही केली. चौथ्या दिवशी तो माणूस हातात पिशवी घेऊन केबिनच्या दारात उभा. पिशवीत जुनी बिलं, २० वर्षांची. ‘दादा, मला तोंडानं सांगायचं होतं,’ एवढंच म्हणाला. अध्यक्षांनी पत्र हातात घेतलं, शेवटची ओळ वाचली, माझ्याकडे बघितलंही नाही. त्याला म्हणाले, ‘चुकलं माझं, बसा.’ तो गेल्यावर मला म्हणाले, ‘बाई, जे वाक्य माझ्या तोंडात बसत नाही ते माझ्या सहीच्या वर बसवू नका.’ पगार कापला असता तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. पत्र झालं की त्यांचे स्वतःचे शब्द कुठले आणि मी घातलेले कुठले ते पेन्सिलीनं वेगळे करायचे. माझं जे असेल ते फक्त रचना, तपशील, वेळ, पत्ता. ‘ताबडतोब’, ‘न चुकता’, ‘गंभीर दखल’, ‘खेद वाटतो’, असले शब्द त्यांच्या तोंडून निघाले नसतील तर माझ्या हातूनही निघायचे नाहीत. तुझ्या मेसेजमधलं ‘न चुकता’ साहेबांचं होतं का? नव्हतं. ते म्हणाले होते, ‘आकडे घे.’ तू शब्द वाढवलास, आणि वाढवलेल्या शब्दाचं भांडण आण्णांच्या आणि साहेबांच्या खात्यावर पडलं.

जुन्या मराठी दरबारी पत्रांत मजकूर संपला की मोर्तब उमटवायचे. शिवाजी महाराजांच्या मोर्तबेवर ‘मर्यादेयं विराजते’ असं असायचं. इथं मजकुराची मर्यादा झाली, याखाली कुणी ओळ घुसडायची नाही, असा त्याचा उपयोग. आपल्याकडे मोर्तब नाही, फॉरवर्डचं बटण आहे. म्हणून ती मर्यादा लिहिणारीनंच पाळायची.

यातच एक जोडून सांगते. साहेबांच्या वतीनं लिहिणं वेगळं आणि साहेब होऊन लिहिणं वेगळं. वतीनं लिहिताना तुझं नाव खाली असतं आणि साहेब ‘साहेब’ असतात. त्यांच्या नावानं, ‘मी’ म्हणून लिहिताना त्यांनी ते पाठवण्याआधी वाचलेलं असलंच पाहिजे, मग ते दोन ओळींचं का असेना. त्यांचा फोन तुझ्या हातात आहे म्हणून ग्रुपवर त्यांच्या नावानं अंगठासुद्धा टाकायचा नाही. आणि काही गोष्टी दोन्ही प्रकारे नाहीत : कुणाला बोल लावणं, पगार-रजेला नकार, कुणाच्या घरी वाईट घडलं तर सांत्वन. मसुदा मागितला तर करून दे, पण ते त्यांच्या अक्षरात नाहीतर त्यांच्या आवाजात गेलं पाहिजे. सांत्वनाचं पत्र असिस्टंटनं लिहिलंय हे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतं.

एक काम मात्र साहेबांनीच करायला हवं आणि तू ते मागून घ्यायला हवंस. तुझ्या मेसेजला वजन नाही असं म्हणून ते मोकळे झाले, पण वजन देणं त्यांच्या हातात आहे. त्यांनी स्वतःच्या फोनवरून ग्रुपवर एकदाच लिहावं. मसुदा तू दे, शब्द ते बदलतील:

*‘बैठका, तारखा आणि आकडे यांबद्दल माझ्या कार्यालयातून मॅडम तुम्हाला लिहितील. ते माझ्याशी बोलूनच लिहिलेलं असतं. कुठं काही वेगळं वाटलं तर मला थेट फोन करा.’*

शेवटचं वाक्य काढू देऊ नकोस. तुझा अधिकार कमी होतो असं वाटेल, पण उलट होतं. ज्याला थेट फोन करायची मोकळीक आहे, तो सहसा करत नाही, आणि तुझ्या शब्दावर विश्वास ठेवतो. ‘बैठका, तारखा आणि आकडे’ ही कुंपणाची ओळही राहू दे. त्याबाहेरचं काही साहेबांनी तुला लिहायला सांगितलं, समजा कुणाला मेमो दे म्हणाले, तर तुलाही म्हणता येतं, ‘सर, हे तुमच्या सहीनं जाऊ दे.’

राहिले आण्णा. ग्रुपवर त्यांना उत्तर देऊ नकोस, माफीही तिथं मागू नकोस. महिना झालाय, इमोजी खाली गेले. प्रत्यक्ष जा. पण भट्टी ओतायला घेतलेली असताना जाऊ नकोस, ओतणं चालू असताना फौंड्रीत कुणी कुणाचं ऐकत नाही, आणि आण्णांची नजर तर तेव्हा लॅडलवरून हलणार नाही. ओतणं उरकलं, चहा आला की जा. ‘तो शब्द माझा होता आण्णा, साहेबांचा नव्हता’ एवढं सांग, लांबवू नकोस. आणि हातात पुढच्या महिन्याचा कोरा तक्ता घेऊन जा. अर्धवट मालाचे रकाने शॉपमधल्या त्यांच्या रोजच्या वहीप्रमाणं कसे पाडले तर सोपं जाईल ते त्यांनाच विचार. ते पेन मागतील. पेन घेऊन जा.